रामन यांचं चरित्र मुलांसाठी लिहिताना या चुका टाळा

बालपुस्तकातलं सी. व्ही. रामन यांच्यावरचं प्रकरण मी नव्याने लिहीत होते. पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं : 'समुद्राची निळाई पाहून या महान शास्त्रज्ञाच्या मनात विचार चमकला आणि रामन परिणामाचा शोध लागला.' सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसून पाचवीतल्या भाचीला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, पाणी तर आपण पण बघतोय. मग त्यांनी काय केलं?"

तिचा प्रश्न बरोबर होता. माझ्या वाक्यातल्या एका 'आणि'ने 1921 ते 1928 ही सात वर्षं गिळली होती.

घडलं ते असं. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं मत होतं. 1921मध्ये इंग्लंडहून परतताना रामन यांनी बोटीवरून निकोल प्रिझम डोळ्याला लावलं. ते योग्य कोनातून धरलं की पाण्यावरची चकाकी जवळजवळ नाहीशी होते. आकाशाचं प्रतिबिंब गेलं, तरी निळा रंग राहिला! मुलांना थांबवायचं ते इथे. 'महान' हा शब्द काढा आणि प्रिझम मुलांच्या हातात द्या. पोलराइज्ड गॉगल घालून, मान तिरकी करत तळ्याकडे पाहिलं तरी चकाकी कमीजास्त होताना दिसते.

दुसरी चूक म्हणजे सोबत्यांना पुसून टाकणं. 1923मध्ये के. आर. रामनाथन यांना शुद्ध पाण्यात एक मंद, वेगळ्या रंगाचा प्रकाश दिसला. पाण्यात काही अशुद्ध असेल, असं वाटून ते पुन्हा पुन्हा शुद्ध केलं; उजेड काही गेला नाही. 1928मध्ये के. एस. कृष्णन रामन यांच्याबरोबर एकामागून एक द्रव तपासत होते. जांभळा प्रकाश द्रवात सोडायचा आणि जांभळा अडवणारी हिरवी काच डोळ्यासमोर धरायची. खरं तर अंधार दिसायला हवा, पण पुसटसा उजेड दिसायचा. म्हणजे द्रवात शिरलेल्या प्रकाशाचा थोडासा भाग रंग बदलून बाहेर पडत होता. हाच रामन परिणाम. या भागात विशेषणं कमी करून तो अंधार आणि तो उजेड लिहा.

प्रयोग देतानाही जपा. ग्लासभर पाण्यात दुधाचे चार थेंब टाकून टॉर्च मारला, की बाजूने निळसर आणि समोरून पिवळसर दिसतं. प्रयोग सुंदर आहे, पण यात प्रकाश फक्त विखुरतो, त्याचा रंग बदलत नाही. याला 'रामन परिणाम' म्हणू नका.

पाणी स्वतःच प्रकाश विखुरतं म्हणून समुद्र निळा दिसतो, हे रामन यांचं उत्तरही अपुरं होतं, असं लिहायला मी कचरत होते. विखुरण्याचा वाटा आहेच, पण समुद्राच्या निळाईचं मोठं कारण म्हणजे पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं. आता प्रकरण याच वाक्यावर संपतं. ते ऐकून भाची म्हणाली, "मग बादलीतलं पाणी निळं का नाही?" कारण निळाई डोळ्यांना जाणवायला काही मीटर खोल पाणी लागतं.