कन्नडसाठी मराठी शब्दांची शिदोरी

नोकरीसाठी बंगळुरूला आलेल्या मराठी माणसाने कन्नड शब्दांची सुरुवात आकारान्त संस्कृत शब्दांपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. परीक्षा, संस्था, समस्या, योजना, पूजा, सेवा यांच्या शेवटच्या ‘आ’चा कन्नडमध्ये ‘ए’ होतो: परीक्षे, संस्थे, समस्ये, योजने, पूजे, सेवे. हा ‘ए’ ऱ्हस्व असतो, लांबवायचा नाही.

आपल्याला हा बदल जड जात नाही, कारण प्रत्यय लावताना आपणही तेच करतो. ‘परीक्षेला’मधला ‘ला’ काढून ‘गे’ लावला की ‘परीक्षेगे’. ‘संस्थेत’ म्हणजे ‘संस्थेयल्लि’. शाळेच्या बाबतीत मात्र ‘ळ’ सोडून मूळ ‘ल’कडे जायचं: शाले, शालेगे. काळ, बळ यांचंही तसंच, काल आणि बल. त्यांचा शेवटचा ‘अ’ कन्नडमध्ये स्पष्ट उच्चारतात.

क्रियापदांसाठी ‘इसु’ ओळखायला शिका. प्रयत्निसु म्हणजे प्रयत्न करणे, उपयोगिसु म्हणजे वापरणे, चर्चिसु म्हणजे चर्चा करणे. ऑफिसात कुणी ‘समस्येय बग्गे चर्चिसोण’ म्हणालं, तर त्यात नवा शब्द ‘बग्गे’ एवढाच, म्हणजे ‘विषयी’. ‘ओण’ हा ‘करूया’मधला ‘ऊया’. समस्येविषयी चर्चा करूया, झालं वाक्य! पाट्यांवर ‘धूमपान निषेधिसलागिदे’ दिसतं. धूमपान, निषेध आणि ‘इसु’ ओळखता आले की पुढचं ‘लागिदे’ हे आपलं ‘करण्यात आले आहे’.

फसगत होते ती ओळखीच्या चेहऱ्याच्या शब्दांमुळे. दुकानावर ‘उचित’ लिहिलेलं असेल तर ते योग्य नव्हे, फुकट. ‘अवसर’ म्हणजे घाई. ‘मर्यादे’ म्हणजे मान, आदर. ‘प्रपंच’ म्हणजे जग, आणि आपल्या प्रपंचाच्या जवळचा शब्द ‘संसार’, त्याचा अर्थ कुटुंब. सगळ्यात घातक मला ‘अनुमान’ वाटतो. सहकारी ‘ननगे अनुमान इदे’ म्हणाला, तर त्याला अंदाज आलेला नसतो, शंका आलेली असते. आपण मान डोलावून पुढे गेलो की त्याची शंका तशीच राहते. म्हणून एखाद्या शब्दाचा मराठी अर्थ वाक्यात किंचितही अडखळला, तर तिथेच विचारा आणि असे शब्द वहीच्या वेगळ्या पानावर लिहा. उलट ‘शिक्षे’ निर्धास्त वापरा. हिंदीभाषकाला त्यात शिक्षण दिसतं, आपल्याला मात्र बरोबर अर्थ ठाऊक असतो.

हे भांडवल पाट्या, बातम्या, अर्ज आणि बैठकीत कामी येतं. भाजीवाल्यापाशी आणि घरमालकाच्या ओट्यावर ते फारसं चालत नाही. तिथे नीरु (पाणी), मने (घर), ऊट (जेवण), निन्ने (काल), नाळे (उद्या), बा (ये), होगु (जा) हे अस्सल द्राविडी शब्द लागतात, आणि ते एकेक करून पाठच करावे लागतात. मी सकाळी वर्तमानपत्राचे मथळे वाचून संस्कृत शब्द गोळा करायचो आणि संध्याकाळी बाजारात फक्त हे दुसरे शब्द वापरायचो.