फिश थाळीच्या नव्या हॉटेलची चाचणी: उद्घाटनाआधीची तयारी

म्हापशात चाळीस खुर्च्यांचं फिश थाळीचं हॉटेल सुरू होणार आहे, असं धरू. सर्वात आधी वार ठरवा. सोमवारी आणि गुरुवारी अनेक हिंदू घरांत मासे खात नाहीत आणि शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायलाही जागा मिळत नाही. म्हणून चाचणी मंगळवारी, बुधवारी आणि शनिवारी घ्यावी. गुरुवार-शुक्रवार दुरुस्तीला मोकळे राहतात. उद्घाटन पुढच्या बुधवारच्या आत नको. जून-जुलैत मासेमारीबंदी असते. तेव्हाच्या चाचणीवरून माशाचे भाव आणि आवक ठरवू नका. एफएसएसएआयचा परवाना मात्र चाचणीच्या आधीच हातात हवा.

पाहुणे मंगळवारी बारा, बुधवारी चोवीस, शनिवारी चाळीस. निम्म्याहून जास्त नातेवाईक बोलावू नका, ते सगळं छानच म्हणतात. शेजारचे दुकानदार, लहान मुलं असलेलं एखादं कुटुंब, शाकाहारी दोघं-तिघं आणि जेवणाची सुट्टी मोजून मिळणारे बँकेतले लोक हवेत. जेवण फुकट देऊ नका, अर्ध्या दरात द्या आणि रीतसर बिल करा. फुकट जेवलेला माणूस भिडेपोटी गप्प राहतो. शिवाय बिलाचं यंत्र, क्यूआर कोड आणि पैसे आल्याची घोषणा करणारा डबा यांची परीक्षा त्याशिवाय होत नाही.

अभिप्रायाचा कागद अर्ध्या पानाचा पुरे. ‘जेवण कसं वाटलं?’ याला ‘चांगलं’ याखेरीज उत्तर येत नाही. त्यापेक्षा विचारा: ताटात काय उरलं आणि का? कशाची वाट पाहावी लागली? पुन्हा मागावंसं वाटलं आणि मिळालं नाही असं काय? इतक्याच पैशांत पुन्हा याल का? कागदाच्या वरच्या कोपऱ्यात टेबल क्रमांक आणि तीन वेळा (बसले, ऑर्डर गेली, ताट आलं) वेटरनंच लिहायच्या. नाव विचारू नका. उष्टी ताटं उचलणाऱ्यालाही एक वही द्या. हुमण उरलं की भात, हे तो सर्वात खरं सांगतो.

या वेळा किती कामाच्या, ते बुधवारी कळतं. चोवीस पाहुणे एक वाजता एकदम बसले आणि वीस जणांनी इसवणाचा तळलेला तुकडा मागितला. तव्यावर एका वेळी आठ तुकडे मावतात आणि तेल निवळून घेण्यासह एका फेरीला आठ मिनिटं लागतात. वीस तुकड्यांना तीन फेऱ्या, म्हणजे शेवटच्या टेबलाचा मासा चोवीस मिनिटांनी उतरणार. कागदावर पाहुणे ‘सर्व्हिस स्लो’ असं लिहितील आणि मालक वेटरवर डाफरेल. पण पहिलं ताट नऊ मिनिटांत आणि शेवटचं सत्तावीस मिनिटांत आलं असेल, तर अडलंय ते तव्यावर. आणखी दोन वेटर ठेवून एक मिनिटही वाचणार नाही.

घाईत दोन चुकीचे उपाय सुचतात. तव्यावर दहा-बारा तुकडे कोंबले की तेल थंड पडतं, रवा तेल पितो आणि मासा मऊ राहतो. सकाळीच रवा लावून ठेवला तर माशाचं पाणी सुटून तो ओला होतो आणि उलटताना सुटून येतो. मसाला सकाळी लावा, रवा तव्याशेजारी, तळायच्या क्षणीच.

खरा उपाय म्हणजे दुसरा तवा, त्याखाली स्वतंत्र बर्नर आणि तळणाच्या ऑर्डरची वेगळी चिठ्ठी थेट तळणाऱ्याच्या हातात. ताट भात-हुमण-सोलकढीसह आधी जाऊ द्या, मासा तव्यावरून थेट ताटात. शनिवारी वीस पाहुणे एकला आणि वीस एक-वीसला बोलवा. दोन तव्यांवर एका फेरीत सोळा तुकडे होतात, त्यामुळे दोन फेऱ्यांत, म्हणजे सोळा मिनिटांत, वीस जणांचं भागतं आणि पुढची तुकडी येईपर्यंत तवे मोकळे होतात. तरीही शेवटचा मासा वीस मिनिटांवर गेला, तर पहिल्या आठवड्यात तळणाचे दोनच प्रकार ठेवा.

बाकी तपासणी भराभर होते. १९ किलोचा भरलेला जादा सिलिंडर, वीज गेल्यावर बिलाचं यंत्र चालतं का, सोलकढी फ्रीजमध्ये आणि दोन खेपांत केलेली. किसमुरात सुकी सुंगटं असतात, ते ऑर्डर घेतानाच सांगायला वेटरला शिकवा. कुणाला कवचाच्या माशांची अॅलर्जी असेल, तर नंतर सांगून उपयोग नाही.

रोज संध्याकाळी सगळे कागद घेऊन बसा. दोन वेगवेगळ्या टेबलांनी लिहिलेलीच तक्रार दुरुस्तीला घ्या. चवीबद्दलचं एकट्याचं मत वहीत राहू द्या. मात्र काटा, केस किंवा शिळा वास एकानंही लिहिला, तर त्याच रात्री कारण शोधा. एका दिवसात मोठा बदल एकच करा, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही. उद्घाटनाच्या आदल्या दोन दिवसांत मेनूला किंवा मसाल्याच्या मापाला हात लावू नका.