त्रासदायक मजकुराचा क्यू: मॉडरेटरांचं वेळापत्रक कसं आखावं

पणजी-पर्वरीच्या पट्ट्यात सोशल मीडिया अॅप, लग्नाच्या साइट, खरेदी-विक्रीच्या जाहिराती यांचा मजकूर तपासणाऱ्या छोट्या टीम आहेत. वापरकर्त्यांनी रिपोर्ट केलेली चित्रं आणि व्हिडिओ पाहायचे, ठेवायचे की काढायचे ते ठरवायचं, एवढंच काम. बहुतेक केस कंटाळवाण्या असतात. पण त्यांत अपघाताचे रक्तबंबाळ व्हिडिओ, मारहाण, आत्महत्येचे इशारे, प्राण्यांचे हाल असंही येतं. आपण फक्त स्क्रीनवर पाहतो, आपल्याला काय होणार, असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेची 2013 ची आवृत्ती मात्र वेगळं सांगते. आघाताचे तपशील पडद्यावरून वारंवार पाहणं हे कामाचा भाग असेल, तर तेही आघातोत्तर तणावाचं कारण धरता येतं. घरी बसून बातम्या पाहणाऱ्याला तो निकष लागत नाही.

हा लेख अशी टीम चालवणाऱ्या सुपरवायझरसाठी आहे. ‘मन घट्ट करा’ असं मॉडरेटरला सांगण्यापेक्षा वेळापत्रक बदलणं सोपं आहे आणि उपयोगाचंही.

आधी क्यू फोडा

सगळ्या केसा एकाच रांगेत असतील, तर पुढच्या क्लिकला काय उघडेल याचा धसका दिवसभर राहतो. म्हणून दोन रांगा करा. रिपोर्ट करताना वापरकर्त्याने निवडलेलं कारण आणि सिस्टिमने लावलेला टॅग यांवरून हिंसा, आत्महत्या, लैंगिक अत्याचार यांची जड रांग वेगळी निघते. उरलेली हलकी. त्यात स्पॅम, खोट्या जाहिराती, डुप्लिकेट प्रोफाइल येतील. इथे एक चूक सर्रास होते. जातीधर्मावरच्या शिवीगाळीची रांग ‘नुसता मजकूरच तर आहे’ म्हणून हलक्यात टाकली जाते. चित्र नसलं तरी आपल्याच समाजाला दिलेल्या शिव्या सलग तासभर वाचणं म्हणजे विश्रांती नव्हे. तीही जडच धरा.

बालकांवरील लैंगिक अत्याचाराची सामग्री या दोन्ही रांगांत नको. पूर्वी नोंद झालेल्या चित्रांचे डिजिटल ठसे जुळवून ती माणसाने पाहण्याआधीच अडवता येतात. 2009 पासून वापरात असलेलं फोटोडीएनए हे तंत्र याच कामाचं आहे. त्यातून जे नवं उरेल ते फक्त स्वतःहून तयार झालेल्या, प्रशिक्षित माणसाकडे द्या. त्याचा स्क्रीनशॉट काढणं किंवा ते फॉरवर्ड करणं ही गंभीर कायदेशीर बाब आहे आणि पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना लेखी द्या.

मग मर्यादा ठरवा, ती मिनिटांत

‘दिवसाला चाळीस जड केस’ अशी मर्यादा घातली की माणूस फोटो आधी उचलतो, चार मिनिटांचे व्हिडिओ मागे ठेवतो, आणि शेवटी ते सगळे एकाच्याच वाट्याला येतात. मिनिटांची मर्यादा असेल तर ही चलाखी चालत नाही. मी जड रांगेसाठी दिवसाला 90 मिनिटं धरतो, 30 मिनिटांच्या तीन फेऱ्यांत. हा आकडा शास्त्राने घालून दिलेला नाही, व्यवहारातला अंदाज आहे. नव्या माणसाला पहिले काही आठवडे याच्या निम्म्यावर ठेवा.

मर्यादा सॉफ्टवेअरने पाळायला हवी. तिसावं मिनिट भरलं की हातातली केस संपवू द्यायची आणि पुढची जड केस उघडूच द्यायची नाही. माणसावर सोडलं तर “एवढी एक करून उठतो” हे ठरलेलं असतं. दुसरा प्रकार चवथीच्या आधी हमखास दिसतो: “दादा, आज तीन तास करून टाकतो, शुक्रवारी लवकर सोडा, माटोळीचं सामान आणायचंय.” सुट्टी जरूर द्या. जड मिनिटं आगाऊ करू देऊ नका. पावसाळ्यात वीज किंवा नेट जाऊन दोन तास बुडाले, तरी ती मिनिटं संध्याकाळी भरून घ्यायची नाहीत. हलक्या कामाची भरपाई करा हवी तर.

टार्गेटही त्याच दिवशी कमी करावं लागतं. केसांचं जुनं टार्गेट कायम ठेवून वर ब्रेक दिले, तर ते कोणी घेत नाही. कागदावर ब्रेक, प्रत्यक्षात माणूस खुर्चीत.

फेऱ्यांची मांडणी

साडेनऊ ते सहाची शिफ्ट धरू. जड फेऱ्या दहा, साडेअकरा आणि तीन वाजता. प्रत्येक फेरीनंतर 15 मिनिटं विश्रांती, मग हलकी रांग. जेवणाच्या अगदी आधी जड फेरी नको आणि साडेतीननंतर तर नकोच, म्हणजे फोंड्याची किंवा डिचोलीची बस पकडणारा माणूस ताजं चित्र डोळ्यांत घेऊन बसमध्ये चढत नाही. जड रांगेवर एका वेळी निदान दोघं असावीत. शेजारी कोणी नसताना असला व्हिडिओ पाहायला बसवू नका. घरून काम करणाऱ्यालाही जड रांग देऊ नका. तिथे शेजारी सहकारी नसतो आणि खोलीत मूल कधी शिरेल ते सांगता येत नाही.

शिवाय दर आठवड्याला टीममधल्या एकाला जड रांगेतून पूर्ण सुट्टी. सहा जणांच्या टीममध्ये प्रत्येकाची पाळी सहा आठवड्यांनी येते.

चवथीचा हिशेब

आता हे आकड्यांत बसतं का ते पाहू. समजा दिवसाला 150 जड केस येतात आणि सरासरी दोन मिनिटं लागतात. झाली 300 मिनिटं. दहा टक्के केसांना दुसऱ्याचं मत लागतं, त्याची 30 धरा. एकूण 330. सहांतला एक हलक्या आठवड्यावर, उरलेले पाच गुणिले 90 म्हणजे 450 मिनिटं हाताशी. एखादा आजारी पडला तरी 360. जमतं.

चवथीला तिघं गावी गेले. उरलेल्या तिघांत कोणाला हलका आठवडा देता येत नाही, तरी 270 मिनिटंच भरतात. रोज 60 मिनिटांचं काम शिल्लक राहणार. इथेच बहुतेक सुपरवायझर घसरतात आणि मर्यादा ‘फक्त या आठवड्यापुरती’ 110 वर नेतात. दिवाळीला पुन्हा तेच, निवडणुकीला पुन्हा तेच. त्याऐवजी शिल्लक राहू द्या, पण निरुपद्रवी करून. जड टॅग लागलेला रिपोर्ट तपासला जाईपर्यंत तो मजकूर तात्पुरता लपवून ठेवायची सोय करून घ्या. कुणाचा जीव धोक्यात असल्याच्या केसा, म्हणजे आत्महत्येचा इशारा किंवा चालू असलेली मारहाण, रांगेत सर्वांत वर आणा. त्या थांबत नाहीत, बाकी थांबतात. पाच दिवसांत 300 मिनिटांचं काम साचेल. सगळे परतल्यावर रोज 450 मधून 330 वजा जाता 120 मिनिटं मोकळी, म्हणजे तिसऱ्या दिवशी रांग स्वच्छ. त्या तीन दिवसांत आणखी कोणाला रजा देऊ नका, इतकंच. ग्राहक कंपनीला हे गणित चवथीच्या महिनाभर आधी पाठवा. ऐन आठवड्यात सांगितलं तर ते निमित्त वाटतं.

30 मिनिटांच्या आत काय

व्हिडिओ आवाज बंद ठेवूनच उघडावा. किंकाळी चित्रापेक्षा जास्त काळ कानांत राहते, असं मॉडरेटर स्वतःच सांगतात. चित्र आधी लहान आणि कृष्णधवल दिसावं. कृष्णधवल चित्रांचा मॉडरेटरांवर होणारा परिणाम गूगलच्या संशोधकांनी 2019 मध्ये तपासला होता आणि या साध्या बदलाचा फायदा दिसला. फेसबुकने 2020 मध्ये अमेरिकेतल्या मॉडरेटरांशी 5.2 कोटी डॉलरची तडजोड केली, तीत नुकसानभरपाईबरोबर आवाज बंद आणि रंग काढलेले व्हिडिओ या सोयीही होत्या. व्हिडिओ चालवण्याऐवजी त्यातल्या स्थिर चौकटी ओळीने पाहता आल्या तर उत्तम. निर्णय झाला की थांबायचं. शेवटपर्यंत पाहण्याची सक्ती कोणत्याही नियमात असू नये.

गोव्यासाठी एक बटण खास हवं: ‘दुसऱ्याला द्या’. राज्य एवढंसं आहे. एखादीने अपघाताचा व्हिडिओ उघडावा आणि मागचा बसथांबा तिच्याच गावचा निघावा, असं इथे घडतं. स्कूटर ओळखीची आहे का, हे ती शोधत बसते आणि एकच चौकट पुनःपुन्हा मोठी करून पाहते. हे बटण दाबलं तर कारण विचारायचं नाही आणि ते कामगिरीत मोजायचंही नाही.

विश्रांतीत काय करू नये

फोनवर रील पाहू नयेत. डोळे तेच काम करत राहतात. ऑक्सफर्डमध्ये एमिली होम्स यांच्या गटाने 2009 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्रासदायक फिल्म पाहून अर्ध्या तासाने काहींना टेट्रिस खेळायला दिलं, तेव्हा पुढच्या आठवड्यात त्यांना ती दृश्यं कमी वेळा आठवली. तो प्रयोगशाळेतला प्रयोग होता, रोजच्या नोकरीचा नव्हे. तरी डोळे आणि हात दोन्ही गुंततील असं काही ठेवायला खर्च काय? पाटोवरच्या एखाद्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत कॅरम बोर्ड बसतो.

उलट, वाईट व्हिडिओनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवून “सांगा, कसं वाटलं” असं बोलायला लावू नका. अशा सक्तीच्या एकवेळच्या बैठकीचा फायदा संशोधनात दिसलेला नाही, काहींना त्रास वाढल्याचंही आढळलं आहे. ज्याला बोलायचं त्याच्यासाठी समुपदेशक असावा, कामाच्या वेळेत, आणि तो सुपरवायझरला काही सांगणार नाही अशा बोलीवर. झोप उडाली असेल, दृश्यं आपोआप समोर येत असतील आणि हे काही आठवडे टिकलं, तर बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे आणि टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

मर्यादा चुकली हे कसं कळेल

कुणी येऊन सांगेल याची वाट पाहू नका. आकडे आधी बोलतात. प्रत्येक फेरीची पहिली आणि शेवटची दहा मिनिटं शेजारी ठेवा. शेवटच्या दहात दर केसचा वेळ निम्म्यावर आला आणि फेरतपासणीत चुका वाढल्या, तर माणूस न पाहताच बटण दाबतोय. वेळ दुप्पट झाला असेल तर तो गोठतोय. दोन्हींवर उपाय एकच, त्याची फेरी 20 मिनिटांवर आणा. तीन फेऱ्यांची साठच मिनिटं झाली, हरकत नाही, वरच्या हिशेबात त्याच्यापुढे 90 च्या जागी 60 लिहा आणि बेरीज पुन्हा करा. हे दर महिन्याला, प्रत्येकासाठी वेगळं पाहायचं. एकाला 30 मिनिटं झेपतात म्हणून दुसऱ्यालाही झेपतील असं नसतं, आणि त्याच माणसाला घरी तान्हं मूल आल्यावर गेल्या वर्षीची मर्यादा चालेलच असंही नाही.