शिल्लक दाखवली, मग बँकेत पैसे कमी का? खजिनदाराच्या भाषणातल्या या चुका टाळा

पुण्यातल्या आमच्या ४८ फ्लॅटच्या सोसायटीचा मी पहिल्यांदा खजिनदार झालो, त्या वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेत मी उत्पन्न-खर्च पत्रक वरपासून खालपर्यंत वाचून दाखवलं. वॉचमन चार लाख ऐंशी हजार, सफाई एक लाख चव्वेचाळीस हजार, असं करत शेवटच्या ओळीवर आलो आणि म्हणालो, "यंदा आपल्याला एक लाख सव्वीस हजार रुपये शिल्लक आहे." मागच्या रांगेतून बँकेतून निवृत्त झालेले एक काका उठले. "शिल्लक आहे म्हणता, पण ताळेबंदात बँकेतली रक्कम तीन लाख दहा हजारांवरून एक लाख पंचाहत्तर हजारांवर आलीये. मग पैसे गेले कुठे?"

एक रुपयाही इकडचा तिकडे झालेला नव्हता. पण त्या क्षणी मला उत्तर देता आलं नाही, आणि पुढची वीस मिनिटं सभा संशयावर चालली. खजिनदाराच्या भाषणातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून आधी तीच नीट सोडवू.

उत्पन्न-खर्च पत्रकात जे उत्पन्न दिसतं, ते आपण बिल लावलेलं उत्पन्न असतं, हातात आलेलं नव्हे. आमच्याकडे महिना २,५०० रुपये मेंटेनन्स, म्हणजे ४८ फ्लॅटचे वर्षाला १४ लाख ४० हजार. खर्च १३ लाख १४ हजार. फरक १ लाख २६ हजार, तो कागदावर बरोबर. पण सात फ्लॅटधारकांनी वर्षभर एकही हप्ता भरला नव्हता. त्यांचे २ लाख १० हजार उत्पन्नात धरलेले होते, बँकेत आलेले नव्हते. शिवाय आदल्या वर्षीची ५१ हजारांची प्लंबरची आणि विजेची बिलं या वर्षी चुकती केली. तो खर्च आदल्या वर्षाच्या पत्रकात दिसून गेला होता, पैसे मात्र आता गेले. १ लाख २६ हजारांतून हे दोन्ही वजा करा, १ लाख ३५ हजार कमी पडतात. बँकेतली रक्कमही नेमकी तेवढीच घटली होती.

काकांचा प्रश्न येण्याआधी हे तीन वाक्यांत सांगता आलं असतं. पुढच्या वर्षापासून मी भाषणात ही वाक्यं शिलकीच्या आकड्याला जोडूनच ठेवतो:

"पत्रकात १ लाख २६ हजार शिल्लक दिसते, पण बँकेतली रक्कम १ लाख ३५ हजारांनी घटली आहे. कारण थकबाकी २ लाख १० हजारांनी वाढली आणि मागच्या वर्षीची ५१ हजारांची बिलं यंदा भरली. थकबाकी वसूल झाली असती, तर बँकेत आज ३ लाख ८५ हजार असते."

तुमच्या भाषणात ही खोट आहे का, हे सभेच्या आदल्या रात्री तपासता येतं. वर्षाच्या सुरुवातीची बँकेतली रक्कम आणि ३१ मार्चची रक्कम कागदावर लिहा, आणि मधला फरक शिलकीच्या आकड्यापासून सुरू करून जुळवून बघा. जुळत नसेल तर एक तर ताळेबंदातला काही बदल तुमच्या लक्षात आलेला नाही, नाही तर हिशेबनिसाची नोंद चुकली आहे. दोन्ही गोष्टी सभेत कळण्यापेक्षा आदल्या रात्री कळलेल्या बऱ्या.

थकबाकीचा विषय निघाला की दुसरी चूक होते: माणसाचं नाव घेणं. सभेत नाव घेतलं की तो माणूस उठतो, गळतीची जुनी तक्रार काढतो आणि हिशेब बाजूला राहतो. किती फ्लॅट, किती रक्कम आणि पुढचं पाऊल काय, एवढंच बोला. "सात फ्लॅट, जुन्या ९० हजारांसह एकूण ३ लाख. वकिलाची नोटीस गेली आहे, आता सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज करायचा समितीचा विचार आहे." हे ऐकून वेळेवर भरणाऱ्यांनाही धीर येतो.

तिसरी चूक निधीच्या बाबतीत होते. आमच्याकडे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला ६ लाख ४० हजार लागले. काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं, पण उत्पन्न-खर्च पत्रकात त्याचा मागमूस नव्हता, कारण सर्वसाधारण सभेच्या ठरावाने ते पैसे दुरुस्ती निधीतून दिले होते आणि त्या निधीचं खातंही वेगळं आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, मोठा खर्चच लपवला. म्हणून असं काम झालं असेल तर पत्रक उघडण्याआधीच सांगावं: काम कुठलं, कुठल्या निधीतून, कुठल्या ठरावाने, आणि निधीत आता किती उरले.

आता पत्रकाकडे. सगळ्या ओळी वाचू नका. पत्रक सभेच्या नोटिशीबरोबर, म्हणजे किमान १४ दिवस आधी घरोघरी गेलेलं असतं आणि ज्यांना वाचायचं त्यांनी वाचलेलं असतं. भाषणात फक्त ज्या आकड्यांत मोठी उडी आहे ते घ्या. आमच्याकडे टँकरचा खर्च २४ हजारांवरून ९८ हजारांवर गेला होता. "पाणीटंचाईमुळे खर्च वाढला" या वाक्याने कुणाचं समाधान होत नाही. टँकरच्या पावत्या मोजल्या तर गोष्ट आपोआप उलगडली: आदल्या वर्षी २० टँकर, प्रत्येकी १,२०० रुपये, यंदा ७० टँकर, प्रत्येकी १,४००. म्हणजे दरापेक्षा संख्येने खर्च वाढवला, आणि संख्या वाढली कारण एप्रिल-मेमध्ये बोअर आटली. एवढं सांगून घरटी हिशेब द्या: मागच्या वर्षी फ्लॅटमागे महिना साधारण ४२ रुपये, यंदा १७०. वर्षाच्या लाखांपेक्षा महिन्याचा घरटी आकडा माणसाला लगेच समजतो, आणि बोअर खोल करायची की मीटर बसवायचे ही चर्चा तिथूनच सुरू होते.

'इतर खर्च' ही ओळ जपून वापरा. आमची ५४ हजारांची होती, त्यात २१ हजार कॅमेरा दुरुस्तीचे आणि १४ हजार वकिलाच्या नोटिशीचे होते. हे दोन्ही वेगळे दाखवले असते तर मागे १९ हजार उरले असते: झेरॉक्स, चहा, बँकेचे चार्जेस, असल्या गोष्टींचे. त्यावर कुणी प्रश्न विचारला नसता. मी आता १० हजारांच्या वरचं काहीही 'इतर'मध्ये ठेवत नाही.

लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांचा उल्लेख टाळणं हीसुद्धा चूकच. अहवाल सभेपुढे असतोच. शेरा कोणता आणि दुरुस्ती काय केली, हे दोन वाक्यांत स्वतः सांगा.

भाषण पाच मिनिटांत संपतं, प्रश्नांना वेळ जास्त लागतो. व्हाउचरची फाइल, बँकेचं स्टेटमेंट आणि थकबाकीची यादी टेबलावर ठेवा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर तिथे सापडलं नाही, तर अंदाजाने आकडा सांगू नका. तो इतिवृत्तात जातो आणि पुढच्या वर्षी तुमच्यासमोर येतो. "व्हाउचर बघून आठ दिवसांत लेखी उत्तर देतो," असं म्हणा, सचिवांना प्रश्न लिहून घ्यायला सांगा आणि उत्तर नोटीस बोर्डावर लावा. पहिल्या वर्षी काकांना मी असंच उत्तर दिलं होतं, सहाव्या दिवशी, वरच्याच आकडेमोडीसह. त्यांनी ते बोर्डापाशी उभं राहून पेन्सिलीने ताडून पाहिलं आणि खाली सही केली.