पाळी जायच्या वयात छातीत धडधडतंय? या चुका टाळा

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, पण पंचेचाळीशीतल्या बायका "धडधडतं हो, कसलंतरी होतं" म्हणत रोज येतात, आणि माझी नणंदही त्यातलीच निघाली म्हणून लिहितेय.

ताई ४६ वर्षांची. रात्री तीनला खाडकन जाग, छातीत धडधड, अंगातून वाफा, मान घामाने ओली आणि आता काहीतरी वाईट होणार अशी भीती, पाच-सात मिनिटांत सगळं शांत. ईसीजी नॉर्मल आला आणि घरच्यांनी जाहीर केलं, टेन्शन घेते. पहिली चूक ही. साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांची पट्टी असते हो, त्या वेळी धडधड चालू नसेल तर त्यात दिसणार काय? रोज किंवा दिवसाआड होत असेल तर २४ किंवा ४८ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून सतत ईसीजी टिपणारं छोटं यंत्र, लावून मागा.

त्याच्याआधी घरी एक करा, धडधड चालू असताना मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. पाळीच्या हार्मोन्समुळे असेल तर बहुतेकदा ठोके ९० ते ११० च्या आसपास, एका लयीत, आणि हळूहळू उतरतात, कारण इस्ट्रोजेन वरखाली झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र उगाच बिथरतं, त्याबरोबर ठोके वाढतात आणि मन मागाहून घाबरतं. पण बटन दाबल्यासारखं एकदम सुरू, एकदम बंद आणि ठोके १५० च्या वर, किंवा ठोक्यांना लयच नाही, एक लवकर एक उशिरा, तर ते हृदयाच्या तारांचं काम, कार्डिऑलॉजिस्टकडेच जायचं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का तेही सांगा, संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेली कधीकधी या वयात कळते, त्याला टुडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी लागते.

आता थायरॉईड. ताईची टीएसएच ही थायरॉईडची रक्तचाचणी आली ०.०८, फार कमी, म्हणजे थायरॉईड जास्त चालतंय असा रिपोर्ट, गोळ्या सुरू व्हायच्याच होत्या. पण मला पटेना. थायरॉईड वाढलं की ठोके झोपेतसुद्धा वाढलेले राहतात, हात थरथरतात, खाऊनपिऊन वजन उतरतं, गरम दिवसभर होतं. ताईची पहाटे अंथरुणातली नाडी ७६ आणि वजन दोन किलो वाढलेलं! विचारलं, गोळ्या काय घेतेस, तर म्हणे काही नाही, फक्त केसांची. ती होती बायोटिन, दहा मिलिग्रॅमची. काही मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टीथ्री-टीफोर हे थायरॉईडचे हार्मोन खोटे जास्त येतात. केसांची गोळी कोणी औषधात धरतच नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही लॅबवालेही विचारत नाही. टेस्टच्या आधी निदान दोन दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. ताईने आठवडाभर बंद केली, टीएसएच २.१, नॉर्मल. उलटंही होतं बरं का, थायरॉईडची गोळी आधीपासून चालू असेल आणि डोस जास्त झाला असेल तर धडधड त्याचीच असू शकते.

ताईला जिना चढतानाही दम लागायचा, मग तो कशाने? पाळी वीस दिवसांनी येत होती आणि गाठी पडत होत्या, पण या वयात असंच जातं अंगावरून म्हणून ती गप्प. हिमोग्लोबिन ९.२, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ८, दोन्ही कमी. रक्तच कमी तर हृदय जोरात पळणारच ना. सोनोग्राफी झाली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, चहाच्या जवळपास घ्यायच्या नाहीत असं बजावलं, आणि दीड महिन्यात जिन्यावरचा दम गेला. रात्रीच्या वाफा राहिल्या, त्यावर हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या का ते गायनॅक ठरवतेय.

मेडिकलमधून परस्पर झोपेची किंवा ठोके कमी करायची गोळी आणू नका, शेजारणीची तर नकोच. ठोके दबतात आणि होल्टरमध्ये खरं चित्र दिसत नाही, शिवाय दमा असेल तर ठोक्यांची काही औषधं धोक्याची असतात.

आणि चक्कर येऊन पडलात, चालताना छातीत दाब आला, जबडा-पाठ-हात दुखून घाम फुटला, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय, तर यातलं काही मोजत बसू नका. पहिल्या तिन्हींत त्याच क्षणी हॉस्पिटल, शेवटचं असेल तर धडधडीचं लवकरात लवकर दाखवून घ्या.

ताईचं फेरिटिन भरायला अजून काही महिने लागतील. केसांची गोळी मात्र तिने मला न सांगता परत चालू केलीय, पुढच्या टेस्टच्या आधी बंद करीन म्हणाली.