मोठ्या कंपनीला को-मार्केटिंगचा ईमेल पाठवताना या चुका टाळा

को-मार्केटिंगचा, म्हणजे दोन कंपन्यांनी मिळून प्रचार करण्याचा, तुमचा ईमेल ज्या व्यक्तीकडे जातो, तिच्या एकटीच्या हातात होकार बहुधा नसतो. तिला आवडला तरी तो ती वरिष्ठांकडे, मग ब्रँड टीमकडे आणि कधीकधी लीगलकडे पाठवते. तुमच्याशी एक शब्दही न बोललेली माणसं तो वाचतात, आणि बहुतेक प्रस्ताव तिथेच अडकतात. म्हणून ईमेल लिहायचा तो या दुसऱ्या वाचकासाठी.

समजा, एका छोट्या स्टार्टअपचं दुकानातला साठा मोजायचं अ‍ॅप आहे आणि ते एका मोठ्या कंपनीच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला जोडता येतं. संस्थापकांचा पहिला मसुदा असा होता:

"आमचं अ‍ॅप झपाट्याने वाढतंय. आपण एकत्र आलो तर दोघांचाही फायदा होईल. तुमच्या ग्राहकांना आमच्याविषयी एक ईमेल पाठवाल का? बोलायला अर्धा तास मिळेल का?"

यातली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पहिल्याच भेटीत मेलिंग लिस्टवर डोळा. मोठ्या कंपनीत त्या यादीची राखण कडक असते. प्रत्येक मेलमागे काही ग्राहक नाव काढून घेतात, शिवाय त्यांच्याच इतर टीम आपला मजकूर जावा म्हणून रांगेत उभ्या असतात. ग्राहकांनी संमती दिलेली असते ती त्या कंपनीचे मेल घ्यायला, तुमची जाहिरात घ्यायला नव्हे. आणि "दोघांचाही फायदा" म्हणताना त्यांचा फायदा नेमका कुठला, हे वाचणाऱ्याला स्वतःच शोधावं लागतं. तेवढी उसंत कोणालाही नसते.

दुरुस्तीची सुरुवात दोघांच्या सामाईक ग्राहकांपासून करा. तुमच्या किती ग्राहकांनी त्यांचं सॉफ्टवेअर जोडलंय, हे तुमच्याच नोंदींत सापडतं. फक्त आकडा द्या. ग्राहकांची नावं परवानगीशिवाय पाठवू नका. ज्याला ग्राहकांची गुप्तता सांभाळता येत नाही, त्याच्याशी भागीदारी कशी करायची, असं समोरच्याला वाटणं साहजिक आहे. नवा मसुदा असा झाला:

"आमच्या 400 ग्राहकांपैकी 130 जण तुमचं सॉफ्टवेअर वापरतात. महिनाअखेरीस साठ्याचा आकडा हिशेबाशी जुळत नाही, ही त्यांची नेहमीची अडचण. ती कशी सोडवायची यावर 45 मिनिटांचा एक वेबिनार सुचवतो. विषय, स्लाइड्स, नोंदणीचं पान आणि आमच्या ग्राहकांना निमंत्रण हे आमच्याकडे. तुमच्याकडून एक वक्ता आणि वृत्तपत्रिकेत दोन ओळी. मजकूर तुमच्या मंजुरीशिवाय बाहेर जाणार नाही. कल्पना पटली तर एका पानाचा आराखडा पाठवतो."

आता ही मागणी छोटी आहे, काम कोणाकडे किती ते उघड आहे, आणि जोखीम आवाक्यात आहे. मुख्य म्हणजे हा मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवता येतो.

नोंदणी करणाऱ्यांची माहिती कोणाला मिळणार, हा प्रश्न मात्र नंतरवर ढकलू नका. माहिती दोन्ही कंपन्यांकडे जाणार असेल, तर नोंदणीच्या फॉर्मवर दोघांची नावं घालून संमती घ्यावी लागते. युरोपातले ग्राहक असतील तर 2018 पासून लागू असलेला जीडीपीआर हा तिथला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा याबाबत काटेकोर आहे. पहिल्या ईमेलमध्ये ही माहिती कोणाकडे जाईल आणि संमती कशी घेतली जाईल, एवढी एक ओळ पुरते, पण ती नसेल तर लीगलकडून पहिला प्रश्न बहुधा हाच येतो.

दोन्ही लोगो शेजारी शेजारी लावलेलं चित्र उत्साहाने जोडू नका. लोगो वापरायला परवानगी लागते, आणि ठरलेली भागीदारी असल्यासारखं ते दिसतं.

पाठवायचा कोणाला? सीईओला पाठवलेला ईमेल नशिबाने खाली आलाच, तर येतो पार्टनर मार्केटिंग सांभाळणाऱ्या माणसाकडे. मग थेट त्यांनाच लिहा. त्याआधी कंपनीचा पार्टनर कार्यक्रम आहे का ते पाहा. काही ठिकाणी त्यात नोंदणी झाल्याशिवाय संयुक्त प्रचाराचा विचारच होत नाही, आणि मग उत्तम लिहिलेला ईमेलही "आधी फॉर्म भरा" एवढ्यावर संपतो.

उत्तर आलं नाही तर आठवड्याभराने त्याच धाग्यात लिहा, पण "पाहिलंत का?" एवढंच विचारू नका. काहीतरी नवं द्या: एखादा सामाईक ग्राहक वेबिनारमध्ये बोलायला तयार झालाय, असं. "आत विचारून सांगते" असं उत्तर आलं, तर आतल्यांना दाखवायला आराखड्याचं ते एक पान लगेच द्या. आणि "या तिमाहीत जागा नाही" म्हणाले, तर तो नकार समजू नका. प्रचाराचं वेळापत्रक बहुधा तिमाही सुरू होण्याआधीच भरलेलं असतं. पुढच्या तिमाहीचं नियोजन कोणत्या महिन्यात सुरू होतं ते विचारून घ्या, आणि बरोबर त्या महिन्यात ताज्या आकड्यासह पुन्हा लिहा.