चाळीस उदाहरणं जुळली, तरी विधान खोटं : सिद्धता लिहिताना या चुका टाळा

n² + n + ४१ ही राशी घ्या. n = ० ला ४१ मिळतात, १ ला ४३, २ ला ४७, ३ ला ५३, ४ ला ६१. सगळ्या मूळ संख्या. पुढे १० ला १५१, ३९ ला १६०१. ० पासून ३९ पर्यंत n च्या चाळीस किमती होतात आणि चाळीसही वेळा उत्तर मूळ संख्याच येतं. इथवर आल्यावर वहीत एक ओळ हमखास उमटते : "म्हणून n ही कोणतीही पूर्ण संख्या असली, तरी n² + n + ४१ मूळ असते."

n = ४० घालून बघा. ४० × ४० + ४० म्हणजे ४० × ४१. त्यात आणखी ४१ मिळवले की ४१ × ४१, म्हणजे १६८१. संख्या मूळ नाही, विधान खोटं.

आता याच राशीबद्दल दुसरं विधान घ्या : ती नेहमी विषम असते. वरचा चाळीस ओळींचा तक्ता या विधानालाही तितकाच पाठिंबा देतो. ४१, ४३, ४७, सगळ्या विषमच. पण हे विधान खरं आहे. एकच तक्ता, दोन विधानं, एक खरं आणि एक खोटं. यातलं कोणतं कोणतं, हे तक्त्याकडे कितीही वेळ बघत बसलात तरी कळणार नाही.

दुसरं विधान खरं आहे हे कळतं ते वेगळ्या वाटेने. n² + n म्हणजे n(n + १), म्हणजे लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार. त्यातली एक सम असतेच, म्हणून गुणाकार सम. सम संख्येत ४१ मिळवले की विषम. यात n ची किंमत कुठेही वापरलेली नाही. म्हणून हा युक्तिवाद ४० ला, ४० कोटींना आणि कुणी कधी न लिहिलेल्या संख्येलाही लागू पडतो.

चूक : तक्ता लांबवला की सिद्धता होते असं समजणं

"चाळीस कमी पडले, हजार तपासू" हा उपाय नाही. "प्रत्येक n साठी" असं म्हटलं की त्यात अनंत दावे एकत्र बांधलेले असतात आणि ते सगळे खरे असतील तरच विधान खरं. हजार तपासले तरी उरलेले अनंतच राहतात. मोडायला मात्र त्यातला एक खोटा निघाला तरी पुरतं.

हे खेळण्यातल्या उदाहरणांपुरतं नाही. १९१९ मध्ये जॉर्ज पोल्या यांनी एक अंदाज मांडला. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव पाडून मोजा. तोच अवयव पुन्हा आला तर पुन्हा मोजा. उदाहरणार्थ १२ = २ × २ × ३, म्हणजे तीन अवयव, विषम. अंदाज असा की १ पेक्षा मोठी कोणतीही मर्यादा घ्या, तिथपर्यंतच्या संख्यांपैकी निम्म्या किंवा जास्त संख्यांचे अवयव विषमच भरतील. १९५८ मध्ये हा अंदाज खोटा असल्याचं सिद्ध झालं आणि १९८० मध्ये सर्वांत लहान प्रतिउदाहरण सापडलं : ९०,६१,५०,२५७. म्हणजे नव्वद कोटींपर्यंत एकही अपवाद नाही आणि तरीही विधान खोटं. "इतक्या वेळा जुळलं, आता काय चुकणार" असं वाटू लागलं की हा आकडा आठवावा.

चूक : प्रतिउदाहरण शोधायला ओळीने जाणं

०, १, २, ३ करत पुढे सरकण्यापेक्षा राशी कुठे फुटू शकेल ते आधी बघावं. n² + n + ४१ मध्ये ४१ उघड दिसतोय. मग n = ४१ घातल्यावर तिन्ही पदांना ४१ ने भाग जाणार, हे गणित न करताही दिसतं : ४१ × ४३ = १७६३. चाळीस ओळींचा तक्ता करण्याची गरजच नव्हती.

चूक : जे प्रतिउदाहरण नाही, ते प्रतिउदाहरण म्हणून देणं

ही चूक सगळ्यांत जास्त होते. विधान घ्या : "३ पेक्षा मोठी प्रत्येक मूळ संख्या ६ च्या पटीपेक्षा एकने कमी किंवा एकने जास्त असते." कुणी म्हणतं, "२५ बघा. ती २४ पेक्षा एकने जास्त आहे, पण मूळ नाही, म्हणून विधान खोटं." पण विधान फक्त मूळ संख्यांबद्दल बोलतंय, २५ त्यात येतच नाही. २५ ने मोडला तो या विधानाचा व्यत्यास. दुसरा कुणी ३ पुढे करतो, तर "३ पेक्षा मोठी" या अटीने ती आधीच बाहेर आहे.

म्हणून प्रतिउदाहरणाखाली दोन ओळी लिहायची सवय ठेवा. एक, अट पूर्ण होते का? दोन, निष्कर्ष फसतो का? दोन्हींना "हो" असेल तरच ते प्रतिउदाहरण. २५ पहिल्या ओळीतच अडकते.

चूक : विधान मोडलं की उलट टोकाला जाणं

"प्रत्येक n साठी मूळ" हे खोटं ठरलं याचा अर्थ "एखाद्या तरी n साठी मूळ नाही", एवढाच. ४० नंतर मूळ संख्या येणंच थांबलं, असं नाही. n = ४२ ला १८४७ येते आणि ती मूळ आहे.

चूक : अपवाद वगळून तेच विधान पुन्हा मांडणं

"४० सोडून सगळीकडे खरं" म्हणावं तर ४१ ला १७६३ आडवी येते. "बरं, ४० आणि ४१ दोन्ही सोडू" म्हणावं तर n = ४४ ला २०२१ येते, म्हणजे ४३ × ४७. सापडलेले अपवाद वगळून उरलेलं विधान आपोआप खरं होत नाही. ते नवं विधान असतं आणि त्याची सिद्धता नव्याने द्यावी लागते.

एक दुरुस्ती मात्र चालते : "० ते ३९ मधल्या प्रत्येक n साठी ही राशी मूळ असते." आता दावे चाळीसच आहेत, म्हणून तोच तक्ता पूर्ण सिद्धता ठरतो. प्रत्येक संख्या खरोखर तपासलेली हवी, एवढंच. यातली सर्वांत मोठी १६०१ आहे आणि ४१ चा वर्ग १६८१, त्यामुळे ३७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिलं की पुरे.

मोजक्या तपासण्यांवर अनंत संख्यांबद्दल बोलता येतं ते अशा वेळी, जेव्हा बाकीच्या सगळ्या संख्या त्या मोजक्यांवर का येऊन पडतात याचं कारण हातात असतं. "n² + n + ४१ ला ३ ने कधीच भाग जात नाही" हे विधान बघा. राशीला ३ ने भागून उरणारी बाकी n ला ३ ने भागून उरणाऱ्या बाकीवरच ठरते आणि ती बाकी ०, १ किंवा २ एवढीच असू शकते. n = ०, १, २ ला ४१, ४३, ४७ मिळतात आणि ३ ने भागल्यावर बाकी २, १, २ उरते. तिन्ही ठिकाणी शून्य नाही, म्हणून कोणत्याही n साठी नाही. बाकीबद्दलचं ते वाक्य खोडलं, तर हाती पुन्हा तीन सुटी उदाहरणंच उरतात.